पहिल्या तीन ओळींतली नोकरी

लिंक्डइन उघडलं की अशा पोस्ट हमखास दिसतात. वर जांभळ्या रंगाचं चित्र, त्यात लॅपटॉपसमोर हसणारी, कुठल्यातरी फोटोसंग्रहातून उचललेली परदेशी मंडळी, आणि खाली मजकूर: ‘आनंदाची बातमी! आमचं कुटुंब वाढतंय! झपाट्याने वाढणाऱ्या आमच्या कंपनीला हवेत ध्येयवेडे, दडपणाखाली काम करू शकणारे रॉकस्टार डेव्हलपर. आकर्षक पगार. खेळीमेळीचं वातावरण. त्वरा करा!’ काम कसलं, गाव कुठलं, पगार किती, कंपनी बनवते काय, यांतलं एक अक्षरही त्यातून कळत नाही.

एखाद्या बड्या कंपनीने असं लिहिलं तरी तिचं काही अडत नाही. लोक तिथे मजकूर वाचून अर्ज करत नाहीत, नाव वाचून करतात. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला मात्र ही चैन परवडत नाही. तिचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, पगारात ती पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना गाठू शकत नाही, आणि अर्ज चाळायला तिच्याकडे वेगळा विभागही नसतो. बहुतेक ठिकाणी हिशेब बघणारी व्यक्तीच भरतीही बघते. तिच्या इनबॉक्समध्ये तीनशे बायोडेटा येऊन पडले आणि त्यांतले पाचच कामाचे निघाले, तर ती पोस्ट गाजली असं म्हणता येत नाही. ती फसलेली असते.

तर अशा कंपनीने जागेची पोस्ट लिहायची कशी? उदाहरणादाखल एक कंपनी उभी करू. ती कोल्हापुरात आहे, माणसं तेवीस, त्यांत डेव्हलपर पाच. गावोगावच्या दूध संस्थांना लागणारं संकलनाचं सॉफ्टवेअर ती बनवते. सकाळ-संध्याकाळ उत्पादक दूध घेऊन येतो, वजन होतं, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं, दरपत्रकानुसार रक्कम निघते, पावती हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. या कंपनीला एक बॅकएंड डेव्हलपर हवा आहे. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफिसातल्या मॅडमना कळवलं, ‘पायथनवाला एक मुलगा बघा, लवकर. पोस्ट टाका छानशी.’

‘छानशी’ पोस्ट टाकायची म्हणून मॅडम गेल्या वेळची पोस्ट कॉपी करतात, आणि वर दिलेला मजकूर तयार होतो. इथे त्यांनी संगणकासमोरून उठून डेव्हलपरांच्या खोलीत जायला हवं. तिथे दहा मिनिटं विचारपूस केली तर काय हाती लागतं ते पाहा.

‘नवीन माणूस पहिले तीन महिने काय करणार, दादा?’

‘जुना कोड वाचणार,’ तिथला सर्वांत अनुभवी डेव्हलपर सांगतो. ‘अकरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप प्रोग्रॅम आहे, तो आपण वेबवर आणतोय. निम्मा वेळ तो कोड असा का लिहिलाय हे शोधण्यातच जातो.’

‘त्रासाचं काय?’

‘बिलाचा दिवस. एक, अकरा, एकवीस तारीख. सकाळी सहापासून संस्थांचे फोन. आमच्यात पाळी लावलेली आहे, पण ज्याची पाळी त्याला पहाटे उठावंच लागतं.’

‘आणि चांगलं?’

तो जरा विचार करतो. ‘आज लिहिलेलं उद्या सकाळी गावात चालतं, मॅडम. चुकलं तर उद्याच कळतं. माझा मित्र पुण्यात आहे, त्याने दोन वर्षांत लिहिलेलं काही अजून कुणी वापरलेलं नाही.’

पोस्टला लागणारा निम्मा मजकूर या तीन उत्तरांत आला. ‘आव्हानात्मक काम’, ‘शिकण्याची संधी’, ‘परिणामकारक भूमिका’ हे शब्द हजार कंपन्या वापरतात. ‘आज लिहिलेला कोड उद्या सकाळी १८० दूध संस्थांत चालतो’ हे वाक्य या एकाच कंपनीला लिहिता येतं. आकर्षकपणा आणि प्रामाणिकपणा यांचा मेळ घालावा लागतो, एकात थोडं कमी केलं की दुसऱ्यात थोडं वाढतं, असा एक समज आहे. भरतीच्या पोस्टपुरता तरी तो चुकीचा आहे. नेमकी माहिती दोन्ही कामं एकदम करते. मोघमपणा मात्र दोन्हीकडे मार खातो.

आता ही माहिती कोणत्या क्रमाने मांडायची? लिंक्डइनवर पोस्टला तीन हजार अक्षरांची मुभा आहे, इन्स्टाग्रामवर कॅप्शनला बावीसशेंची. पण फीडमध्ये सरकत असताना दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळी. बाकीचं वाचायला बोट लावून मजकूर उघडावा लागतो, आणि अनोळखी कंपनीसाठी तेवढीही तसदी लोक घेत नाहीत. म्हणून ‘आनंदाची बातमी’ आणि ‘आमचं कुटुंब’ यांत खर्ची पडलेली पहिली ओळ ही सगळ्यात महाग जागा फुकट घालवणं असतं. भूमिका, अनुभव, गाव, घरून काम की ऑफिसात, आणि पगार या पाच गोष्टी त्या तीन ओळींत बसल्या पाहिजेत. ज्याला हे जमणारं नाही तो पुढे सरकेल. तोच हेतू आहे.

पाचवी गोष्ट म्हटली की मालकांच्या कपाळाला आठी पडते. पगार लिहिला तर आतल्या लोकांना कळेल, शेजारच्या कंपनीला कळेल, येणारा उमेदवार वरच्याच आकड्यावर अडून बसेल, अशी कारणं निघतात. यांतलं पहिलं कारण खरं आहे, आणि ते पोस्टचं दुखणं नव्हे. नव्या माणसाला जो पगार जाहीरपणे द्यायला कंपनी तयार आहे, तो तेच काम करणाऱ्या जुन्या माणसाला मिळत नसेल, तर ती गोष्ट पोस्ट टाकायच्या आधी निस्तरायची असते. बाकीच्या दोन कारणांवर जगात प्रयोग होऊन गेले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून जागेच्या जाहिरातीत पगाराची कक्षा छापणं सक्तीचं केलं. न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२३ च्या सुरुवातीला तोच रस्ता धरला. बफर नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने तर कायदा यायच्या कितीतरी आधी, २०१३ मध्ये, आपल्या सगळ्या माणसांचे पगार नावानिशी इंटरनेटवर मांडले होते. कंपनी त्यानंतरही चालू राहिली. भारतात खाजगी कंपन्यांवर अशी सक्ती नाही, त्यामुळे इथे जो आकडा लिहितो तो आपोआप उठून दिसतो.

कक्षा लिहितानाही पळवाटा निघतात, हा भाग वेगळा. न्यूयॉर्कमध्ये कायदा लागू झाला त्या सुमारास एका मोठ्या बँकेच्या जाहिरातीत पगार शून्य ते वीस लाख डॉलर असा झळकला होता. बँकेने तांत्रिक चूक म्हणून तो नंतर दुरुस्त केला. आपल्याकडे ‘३ ते १२ लाख’ हे त्याचंच धाकटं भावंडं. अशा कक्षेचा अर्थ एवढाच की कंपनीने अजून ठरवलेलं नाही, किंवा ठरवलंय तीन आणि दाखवायचेत बारा. एकाच अनुभवाच्या एकाच जागेसाठी वरचा आकडा खालच्याच्या सव्वापटीपेक्षा फार लांब जाऊ लागला, तर खरं म्हणजे तिथे दोन वेगळ्या जागा आहेत. मग पोस्टही दोन हव्यात.

त्याहून मोठी गफलत आपल्याकडे सीटीसीच्या आकड्यात होते. पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्या मुलाला ‘सीटीसी ७ लाख २० हजार’ वाचलं की बाराने भागून महिन्याला ६० हजार दिसतात. घरी आईला तो तेच सांगतो. प्रत्यक्षात काय होतं? आपल्या दूधवाल्या कंपनीचा हिशेब घेऊ. ७ लाख २० हजारांतले दहा टक्के, म्हणजे ७२ हजार, वर्षाअखेरचा कामगिरीवरचा बोनस. तो मिळेल किंवा कमी मिळेल. भविष्यनिर्वाह निधीत कंपनीचा वाटा १५ हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, मूळ पगार निम्मा धरला तर ती १७ हजार ३०० च्या आसपास येते, आणि कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती पडते. आरोग्य विम्याचा हप्ता १२ हजार धरू. हे सगळं वजा केलं की उरतात ५ लाख ९७ हजार, म्हणजे महिन्याला ४९,७५० च्या घरात. त्यातून माणसाचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. नव्या करप्रणालीत एवढ्या पगारावर प्राप्तिकर लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. खात्यात जमा होतात सुमारे ४७ हजार ७५० रुपये. साठ हजारांच्या अपेक्षेत आणि या रकमेत बारा हजारांहून जास्त फरक आहे, आणि तो उमेदवाराला बहुतेक वेळा ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर किंवा पहिल्या पगाराच्या दिवशी कळतो.

यात कंपनीने कायदा मोडलेला नसतो. निधी, ग्रॅच्युइटी, विमा हे माणसाच्याच फायद्याचे खर्च आहेत, आणि कंपनीच्या खिशातून ते जातातच. पण खात्यात येणारा आकडा वेगळा आहे हे माहीत असताना नुसती सीटीसी लिहायची, यात समोरच्याच्या अजाणतेपणाचा फायदा घेणं आलंच. त्यावर उपाय एका ओळीचा आहे: ‘हातात दरमहा ४२ ते ५२ हजार, सीटीसी ६.४ ते ७.८ लाख, त्यातला दहावा हिस्सा बोनस.’ चाळिशीतले भरती करणारे लोक म्हणतात की असं लिहिलं तर आपला आकडा शेजारच्या पोस्टपेक्षा लहान दिसतो. दिसतोच. पण बाजारात सगळे फुगवलेले आकडे मांडत असताना हातातली रक्कम सांगणारी पोस्ट लोक एकमेकांना पाठवतात, कारण तेवढीच त्यांना खरी माहिती वाटते.

पगारानंतर अटींची यादी. इथे छोट्या कंपन्यांचा हात फार सैल सुटतो. पायथन हवं, जावा हवं, रिअ‍ॅक्ट हवं, क्लाउड हवं, डेटाबेस हवा, मोबाइल अ‍ॅपचा अनुभव असेल तर उत्तम, शिवाय ग्राहकाशी बोलता यावं. एवढं सगळं येणारा माणूस ५० हजारांत कोल्हापुरात येत नाही, हे यादी लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. तो फक्त ‘लिहून ठेवायला काय जातं’ म्हणून लिहितो. जातं ते असं: बऱ्यापैकी काम करणारा पण स्वतःबद्दल काटेकोर असलेला माणूस यादी वाचून मागे फिरतो, आणि कुठल्याही यादीला न जुमानणारा अर्ज ठोकून देतो. म्हणजे चाळणी उलटी लागते.

या याद्या किती डोळे मिटून लिहिल्या जातात याचा एक किस्सा सॉफ्टवेअरच्या जगात प्रसिद्ध आहे. फास्टएपीआय हे पायथनमधलं लोकप्रिय साधन सेबास्टियन रामिरेझ यांनी तयार केलं. जुलै २०२० मध्ये त्यांच्या पाहण्यात एक जागा आली, तिथे फास्टएपीआयचा किमान चार वर्षांचा अनुभव मागितला होता. रामिरेझ यांनी ट्विटरवर लिहिलं की आपल्याला अर्ज करता येणार नाही, कारण ते साधन बनवूनच आपल्याला दीड वर्ष झालंय. जगभर हसं झालं, पण ‘दोन वर्षांचा अनुभव असलेला फ्रेशर’ मागणाऱ्या पोस्ट आपल्याकडे रोज पडतात आणि त्यांवर हसायचंही आता कुणाच्या मनात येत नाही.

आपल्या कंपनीत मॅडमनी पुन्हा त्या डेव्हलपरला विचारलं, यातलं काय येत नसेल तर तू त्या माणसाला घेणारच नाहीस? तो म्हणाला, ‘पायथन आणि डेटाबेसच्या क्वेरी. बाकी आम्ही शिकवू. जुना प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिकमध्ये आहे, तो आता कुणालाच येत नाही, मलाही इथे येऊनच शिकावा लागला.’ झालं. ‘यायलाच हवं’ मध्ये दोन ओळी, ‘आलं तर बरं’ मध्ये एक. वर्षांचा आकडाही त्याच प्रश्नाने सुटतो. दोन वर्षं कशासाठी? कारण इथे हाताशी धरून शिकवायला माणूस कमी आहे. मग तेच लिहायचं: ‘स्वतःच्या कोडमधली चूक स्वतः शोधण्याइतका अनुभव, साधारण दोन ते चार वर्षं.’ त्यामुळे पावणेदोन वर्षं काम केलेल्याला आपण अर्ज करावा की नाही हे नीट कळतं.

‘रॉकस्टार’, ‘निन्जा’, ‘आक्रमक’ या शब्दांची गंमत निराळी. २०११ मध्ये डॅनिएल गॉशर, जस्टिन फ्रीसन आणि आरन के या मानसशास्त्रज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींची भाषा तपासली. पुरुषी ढंगाचे शब्द ज्यांत जास्त, त्या नोकऱ्या स्त्रियांना कमी आवडल्या. कारण म्हणून हे काम आपल्याला जमणार नाही असं त्यांनी सांगितलं नाही; अशा ठिकाणी आपल्यासारखी माणसं नसतील असं त्यांना वाटलं. मराठीत तर क्रियापदातच लिंग येतं, त्यामुळे ‘डेव्हलपर हवा’ एवढ्यानेही दार अर्धं लोटलं जातं. ‘डेव्हलपर हवा/हवी’ हे जरा सरकारी वाटतं. त्यापेक्षा ‘डेव्हलपरची जागा आहे’ असं लिहिलं की प्रश्नच मिटतो. मालकांचा ‘मुलगा बघा’ हा निरोप मात्र पोस्टमध्ये जसाच्या तसा उतरता कामा नये. भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बंदी आहे आणि नव्या वेतन संहितेतही ती कायम आहे.

आता सर्वांत अवघड परिच्छेद, त्रासाचा. जुना कोड आणि पहाटेचे फोन हे लिहायचं का?

अमेरिकेत जॉन वॅनस यांनी १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीवर याचा अभ्यास छापला. काही उमेदवारांना नोकरीची नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली, काहींना कामाच्या कटकटीही दाखवणारी. खरं चित्र पाहिलेल्यांनी काही नोकरीकडे पाठ फिरवली नाही. त्यांच्या अपेक्षा खाली आल्या, आणि नोकरीला लागल्यावर ती सोडायचा विचार त्यांच्या मनात कमी आला. पुढच्या काळात अशा पुष्कळ अभ्यासांची बेरीज झाली तेव्हा परिणाम माफकच निघाला. म्हणजे त्रास सांगितला की लोक वर्षानुवर्षं टिकतात असं काही नाही. पण लोक पळून जातील ही भीतीही त्यात खरी ठरली नाही. छोट्या कंपनीत तीन महिन्यांत सोडून गेलेला एक डेव्हलपर म्हणजे पाचांतला एक, ही गोष्ट लक्षात घेतली तर माफक परिणामही पुरेसा आहे.

त्रास लिहायचाही एक प्रकार असतो. ‘दडपणाखाली काम करण्याची तयारी हवी’ हे वाक्य प्रामाणिक भासतं, पण त्यात दडपण किती, कधी, कुणाचं हे काहीच नसतं. वाचणारा त्यात आपल्या मागच्या नोकरीतला सगळ्यात वाईट महिना भरतो. आपल्या कंपनीची खरी गोष्ट त्याहून कितीतरी सौम्य आहे. महिन्यात तीन बिलांचे दिवस, पाच डेव्हलपरांत पाळी, म्हणजे एकाच्या वाट्याला दोन महिन्यांतून एखादी पहाट, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. मोघम लिहिल्यामुळे कंपनी आहे त्याहून वाईट दिसत होती. त्रास आकड्यात मांडला की बहुतेक वेळा तो लहानच होतो. आणि मांडल्यावर मोठाच दिसला, तर पोस्ट थांबवून आधी पाळी बदलायला हवी.

इतकं सगळं जमवल्यावर मजकूर असा झाला:

‘कोल्हापुरात बॅकएंड डेव्हलपरची एक जागा आहे. पायथन, अनुभव साधारण दोन ते चार वर्षं. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. हातात दरमहा ४२ ते ५२ हजार (सीटीसी ६.४ ते ७.८ लाख, त्यातला दहावा हिस्सा बोनस).

आम्ही तेवीस जण दूध संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. आज लिहिलेला कोड उद्या सकाळी १८० दूध संस्थांत चालतो, त्यामुळे चूक झाली तर तीही उद्याच कळते.

पहिलं वर्ष: अकरा वर्षांचा जुना प्रोग्रॅम वेबवर आणायचा आहे. सुरुवातीला लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त.

अवघड काय: कोड जुना आहे आणि सगळीकडे चाचण्या लिहिलेल्या नाहीत. बिलाच्या दिवशी सकाळी सहापासून फोन असतात. पाळीने दोन महिन्यांतून साधारण एकदा. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

यायलाच हवं: पायथन, डेटाबेसच्या क्वेरी, आणि आपल्या कोडमधली चूक आपण शोधता येणं. आलं तर बरं: व्हिज्युअल बेसिक. येत नसेल तर शिकवू.

निवड: एक फोन, घरी करायचं दोन तासांचं काम, एक भेट. बॉन्ड नाही. कुठल्याही टप्प्यावर पैसे मागितले जात नाहीत. अर्ज कंपनीच्या ईमेलवर, ३० तारखेपर्यंत. प्रत्येकाला दहा दिवसांत उत्तर देऊ.’

शेवटच्या वाक्यावर मालक अडतील, आणि अडावंच. दीडशे अर्ज आले तर दीडशे उत्तरं पाठवावी लागतील. ती पाठवायला कुणी नसेल तर वाक्य काढून टाकलेलं बरं, किंवा ‘पुढे बोलावणार असू तर दहा दिवसांत कळवू’ असं करावं. पैशांची ओळ मात्र राहू द्यावी. नोकरीच्या नावाने लॅपटॉपची अनामत किंवा प्रशिक्षणाची फी उकळणाऱ्यांचा इतका सुळसुळाट आहे की अनोळखी कंपनीकडे लोक आधी संशयानेच बघतात. अर्जासाठी फुकटच्या ईमेल खात्याऐवजी कंपनीच्या डोमेनचा पत्ता दिला, तर हा संशय बराच कमी होतो.

पोस्ट टाकताना आणखी एक मोह आवरावा लागतो: ‘कमेंटमध्ये इंटरेस्टेड लिहा, आम्ही संपर्क करू.’ कमेंट वाढल्या की पोस्ट अधिक लोकांपर्यंत पोचते, म्हणून ही युक्ती. पण जो कुणी तिथे ‘इंटरेस्टेड’ लिहितो तो सध्याच्या नोकरीतल्या साहेबांनाही दिसतो. चांगली नोकरी असलेला, शांतपणे दुसरी शोधणारा माणूस अशा पोस्टखाली नाव घालत नाही, आणि बहुतेकदा कंपनीला तोच हवा असतो. कमेंटचा खरा उपयोग वेगळाच आहे. तीन जणांनी ‘पूर्ण घरून चालेल का’ असं विचारलं, तर ती ओळ कॅप्शनमध्ये नीट उतरलेली नाही. उत्तर कमेंटमध्ये देऊन थांबू नये, मूळ मजकूरच दुरुस्त करावा. पोस्ट कशी चालली हे मोजायचं झालं तर अर्ज किती आले यापेक्षा आलेल्यांपैकी कितींना फोन करावासा वाटला ते मोजावं. आणि फोनवर पगार ऐकून कितीजण मागे हटले तेही. पगार लिहिलेला असताना कुणी मागे हटत असेल, तर पोस्टमधलं आणि फोनवरचं बोलणं जुळत नाहीये.

राहिलं चित्र. पुष्कळ जण सगळा मजकूर चित्रात घालतात आणि कॅप्शनमध्ये नुसतं ‘पोस्टर पाहा’ लिहितात. चित्रातली अक्षरं शोधात सापडतीलच याचा भरवसा नसतो, आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला ती सहसा वाचता येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशी माणसं उत्तम काम करतात. इंग्रजी कॅप्शनमध्ये ठळक किंवा वळणदार दिसणारी खास अक्षरं चिकटवली जातात, तीही खरं तर गणिती चिन्हं असतात आणि स्क्रीन रीडर त्यांवर अडखळतो. म्हणून माहिती मजकुरात, चित्रात फक्त भूमिका, गाव, पगार. आणि शेवटची तारीख.

ती तारीख विसरू नये, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फिरतं आणि कॅप्शन पुष्कळदा मागेच राहतं. जागा भरली की लिंक्डइनवरच्या पोस्टची पहिली ओळ बदलून ‘जागा भरली’ करणं हे दोन मिनिटांचं काम आहे. गावोगावच्या नोकरीच्या ग्रुपांत गेलेलं चित्र मात्र परत बोलावता येत नाही. त्यावर तारीख नसेल तर सहा महिन्यांनीही मॅडमना इचलकरंजीहून, साताऱ्याहून फोन येत राहतात: ‘ताई, ती पायथनची जागा अजून आहे का?’